बहिणीच्या पत्रिकेत सप्तमात मंगळ, ठरत आलेलं स्थळ थांबलंय. मंगळाचे अपवाद खरंच कोण मानतं?

मृद्गंध
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.
माझी धाकटी बहीण 33 वर्षांची आहे. तीन महिन्यांपूर्वी एक स्थळ आलं. मुलगा-मुलगी चार वेळा भेटले, दोन्ही घरांना पसंत पडलं, 36 पैकी 23 गुणही जुळले. मग मुलाच्या आजीने त्यांच्या गुरुजींना पत्रिका दाखवली. ते म्हणाले, मुलीला सातव्या स्थानी कडक मंगळ आहे, मुलाला मंगळ नाही, पत्रिका जुळत नाही. आमच्या गुरुजींनी हीच पत्रिका पाहून "मंगळ आहे, पण दोष धरू नका" असं सांगितलं होतं.
बहिणीचं धनु लग्न, मंगळ मिथुनेत 25 अंशांवर, रास सिंह. जन्म सातारा, रात्री 1:30. मुलाचं मिथुन लग्न.
प्रश्न दोन. दोष रद्द करणारे अपवाद कोणते आणि इथे त्यातला एखादा लागतो का? आणि हे सगळं कितपत मनावर घ्यायचं? बहीण वरून शांत आहे, पण काल रात्री आईला म्हणाली, "मी कुणाच्या जिवावर उठलेय का?" तेव्हापासून मला झोप नाही.

तात्या_डोंबिवली
ताई, काळजी करू नका. मंगळ 28 व्या वर्षानंतर उतरतो. बहीण 33 ची आहे, विषय संपला. आमच्या पुतणीचं असंच सांगून जमवलं, आता दोन मुलं आहेत तिला.

नवी_कोरी
वाचतेय. माझ्याही घरी हेच चालू आहे. माझा जन्म मंगळवारचा, म्हणून आत्या म्हणते मला मंगळ आहे.

शेषराव_नांदेड
@नवी_कोरी, वाराचा आणि मंगळाच्या पत्रिकेचा काही संबंध नाही. लग्नापासून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून, मंगळ कितव्या स्थानात आहे एवढंच पाहतात. पहिलं, चौथं, सातवं, आठवं आणि बारावं, या पाच स्थानांत असला तर मंगळ आहे म्हणायचं. दक्षिणेकडे दुसरं स्थानही धरतात. आत्याला पत्रिका उघडून दाखवायला सांगा.
@तात्या, 28 वर्षांचं पुष्कळ जण सांगतात. मंगळ 28 व्या वर्षी पक्व होतो असा संकेत आहे, त्यावरून ते आलं असावं. पण दोषाच्या श्लोकांत वयाची अट मला दिसलेली नाही. समोरच्या गुरुजींपुढे हा मुद्दा टिकणार नाही.
@मृद्गंध, वडील पत्रिका पाहायचे, त्यांच्या हाताखाली मी वीस वर्षं गणित केलं. मुलाच्या पत्रिकेत शनी कुठे आहे? आणि 1:30 ही वेळ कुणी सांगितली? धनूचे अंश किती येतात ते पाहून लिहा. मग सविस्तर बोलू.

गणितवेडा
पत्रिकेवर माझा विश्वास नाही, तरी एक हिशेब मांडतो. बारापैकी पाच स्थानं दोषाची, म्हणजे साधारण 42 टक्के लोकांना मंगळ असणार. दुसरं स्थान धरलं की निम्म्या लोकांना. काही जण लग्नाबरोबर चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात. तसं मोजलं तर तिन्हींतून सुटणारे जेमतेम 20 टक्के उरतात, बाकी 80 टक्के मंगळाचे.
आता फक्त लग्नापासून मोजून कुठलीही दोन माणसं घ्या. एकाला मंगळ आणि दुसऱ्याला नाही असं व्हायची शक्यता 49 टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे दर दोन जोडप्यांतलं एक 'न जुळणारं'. पत्रिका न पाहता झालेली कोट्यवधी लग्नं आपल्या आजूबाजूला आहेत. त्यातल्या निम्म्या घरांत अकाली मृत्यू झालेत का? आपापल्या सोसायटीत मोजून पाहा.

पाटलीण_बाई
@गणितवेडा +1. हा हिशेब आमच्या वधूवर सूचक मंडळाच्या भिंतीवर लावायला हवा.

ऑकलंडची_अनघा
आमच्या लग्नात एकनाड आली होती आणि सासरच्यांनी आम्हा दोघांचे रक्तगट तपासून घेतले. मंगळासाठीही रक्ताची तपासणी असते ना? ती करून घ्या म्हणजे शंका मिटेल.

शेषराव_नांदेड
अनघाताई, नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते, तिचा रक्ताशी संबंध नाही. एकाच नक्षत्रावर जन्मलेल्यांचे रक्तगट वेगवेगळे असतात. मंगळासाठी तर तपासणी अशी काही नाहीच. लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी जरूर करावी, पण ती आरोग्यासाठी आणि डॉक्टरांकडे.

मृद्गंध
शेषरावकाका, मुलाचा शनी मकरेत आहे, मिथुन लग्नापासून आठवा. बहिणीचं लग्न अ‍ॅपवर धनु 29 अंश 10 कला येतंय. वेळ आईने सांगितलेली. प्रसूतिगृहातल्या भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता असं तिला आठवतं.

शेषराव_नांदेड
मला हीच शंका होती. आता नीट सांगतो, थोडं लांबेल.
अपवादांची एकच यादी सगळीकडे चालते असं नाही. सगळ्यात जास्त ऐकू येतो तो श्लोक 'अजे लग्ने व्यये चापे पाताले वृश्चिके कुजे' असा सुरू होतो. लग्नात मेषेचा, बाराव्यात धनूचा, चौथ्यात वृश्चिकेचा, सातव्यात मकरेचा आणि आठव्यात कर्केचा मंगळ असेल तर दोष नाही, असा त्याचा अर्थ. दुसरी एक यादी सातव्यात कर्क आणि मकर दोन्ही सोडते, पण आठव्यात कर्केऐवजी धनु आणि मीन सांगते. म्हणजे कर्केचा आठवा मंगळ एका गुरुजींकडे निर्दोष आणि दुसऱ्यांकडे सदोष. दोघेही खोटं बोलत नसतात, त्यांच्या हातातली यादी वेगळी असते. याशिवाय मंगळ स्वगृही किंवा उच्चीचा असला, त्याच्यावर गुरूची दृष्टी असली, की बहुतेक जण सौम्य मंगळ म्हणून सोडून देतात.
तुमच्या बहिणीचा मंगळ सातव्यात, मिथुनेत. तो दोन्ही याद्यांत बसत नाही. मिथुन बुधाची रास, तिथे मंगळ स्वगृहीही नाही आणि उच्चीचाही नाही. तेव्हा राशीचा अपवाद इथे लागत नाही. हे आधी मान्य करावं लागेल.
पण तिसरा एक नियम आहे आणि इथे तोच कामाचा. एकाच्या पत्रिकेत मंगळ आहे, आणि दुसऱ्याच्या पत्रिकेत त्याच पाच स्थानांपैकी एकात शनी किंवा तसा दुसरा पापग्रह आहे, तर दोष नाहीसा होतो. मुलाचा शनी आठवा आहे. म्हणजे मंगळासमोर मंगळच हवा असं नाही, शनीही चालतो. तुमच्या गुरुजींनी बहुधा याच आधारावर दोष धरला नाही. मुलाकडच्यांनी फक्त 'मुलाला मंगळ आहे की नाही' एवढंच पाहिलेलं दिसतं.
आता वेळेचं. लग्न 29 अंश 10 कला म्हणजे धनूच्या अगदी काठावर. लग्नाचा एक अंश पुढे सरकायला साधारण चार मिनिटं लागतात. साडेतीन-चार मिनिटं उशिराची वेळ धरली की मकर लग्न होतं, आणि मकरेपासून मिथुन सहावी. सहाव्या मंगळाला दोष नाही. भिंतीवरचं घड्याळ, बाळंतपणाची धावपळ, त्यात चार मिनिटांची खात्री कोण देणार? प्रसूतिगृहाची नोंदवही किंवा डिस्चार्ज कार्ड मिळतंय का पाहा. जन्मदाखल्यावर बहुधा फक्त तारीख असते, वेळ नसते.

गणितवेडा
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण यातच माझं उत्तर आहे. एक यादी लागली नाही तर दुसरी, दुसरी नाही तर शनी, शनी नाही तर चार मिनिटं. कुठल्याही निकालावर नेऊन सोडता येतो त्याला नियम कसं म्हणायचं?
जयंत नारळीकरांनी 2008 साली पुण्यात एक चाचणी घेतली होती, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांसोबत. हुशार आणि मतिमंद अशा 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून कुठली कुणाची ते सांगायचं होतं. सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी 50 आली असती.

शेषराव_नांदेड
ती चाचणी मला माहीत आहे आणि ती प्रामाणिक होती. पण त्यात बुद्धीबद्दल विचारलं होतं, विवाहाबद्दल नाही. तिच्यावरून मंगळाचा निकाल लागत नाही. मंगळ सिद्ध झाला असंही माझं म्हणणं नाही. ज्या घरात पत्रिका मानतात, त्या घराशी त्यांच्याच भाषेत बोलावं लागतं, एवढंच सांगतोय. 'हे सगळं थोतांड आहे' म्हटलं की आजी दार लावून घेतील आणि नुकसान त्या मुलीचं होईल.

गणितवेडा
हे पटतं. भांडण तुमच्याशी नाही.

कोकणची_माई
मी इथे फारसं लिहीत नाही. हा धागा वाचून राहवलं नाही.
लग्नात माझी पत्रिका पाहिली तेव्हा 'मंगळ नाही' असं सांगितलं होतं. लग्नानंतर नऊ वर्षांनी हे अपघातात गेले. महामार्गावर रात्री ट्रकने धडक दिली. दिवसकार्य झालं आणि पंधरा दिवसांत दिरांनी माझी पत्रिका दुसऱ्या कुणाला दाखवली. त्यांनी चंद्रापासून मोजून सांगितलं, हिला आठवा मंगळ आहे, तुमची फसवणूक झाली. ट्रकचालक प्यायलेला होता, पंचनाम्यात तसं लिहिलेलं आहे. पण घरात दोष माझाच राहिला. सासूबाई शेवटपर्यंत माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत.
मृद्गंध, तुमच्या बहिणीने "मी कुणाच्या जिवावर उठलेय का" असं विचारलं, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. तिला सांगा, नाही. कुणीही काहीही मोजलं तरी नाही. आणि हे लग्न होवो न होवो, ज्या घरात पुढे काही दुखलं-खुपलं तर पत्रिका बाहेर निघणार असेल, तिथे जाताना दहा वेळा विचार करा. मंगळ उद्या रद्द ठरेल. पण तो मनात राहिला तर पहिल्या आजारपणात परत येईल.

मृद्गंध
माई, तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, माईंना माझा नमस्कार सांग.

पाटलीण_बाई
माई, 🙏
एक कुणी बोललं नाही ते सांगते. दोषाचा जो मूळ श्लोक सांगतात त्याचा शेवट 'कन्या भर्तृविनाशाय भर्ता कन्याविनाशकः' असा आहे. म्हणजे मुलाच्या मंगळाचाही तितकाच दोष लिहिलाय. बावीस वर्षं सूचक मंडळ चालवतेय. मुलाचे वडील येऊन "मुलाला मंगळ आहे हो, आता कसं होणार" असं रडत म्हणालेत हे माझ्यासमोर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं झालंय. मुलीच्या आया मात्र दर आठवड्याला येतात. काही जणी हळूच विचारतात, वेळ दहा मिनिटं इकडेतिकडे करून देता का? मी नाही म्हणते. खोट्या वेळेची पत्रिका पुढे कधीतरी उघडी पडते, आणि मग सगळ्या संसाराला 'फसवणूक' हा शब्द चिकटतो. वेळ खरीच द्या.

तात्या_डोंबिवली
माईंचं वाचून वाईट वाटलं. वयाचं मी ऐकीव बोललो होतो, मागे घेतो. पण शांत तर करता येते ना? अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात अभिषेक करतात, उज्जैनला मंगळनाथाला भातपूजा होते. नाहीतर कुंभविवाह करून टाकायचा. एकदा केलं की समोरच्यांचंही समाधान.

कोकणची_माई
तात्या, देवाला जरूर जा. पण कुंभविवाह म्हणजे मुलीचं आधी मातीच्या घड्याशी लग्न लावायचं आणि तो घडा विसर्जित करायचा. पहिला नवरा मेला असं मानून दुसरा करायचा. तो विधी चालू असताना त्या पोरीला आत काय वाटत असेल? माझ्या भाचीला बसवलं होतं. ती आजही त्या दिवसाबद्दल बोलत नाही.

पाटलीण_बाई
शिवाय खर्च. आमच्याकडे आलेल्या एका घराला शांत आणि कुंभविवाह मिळून लग्नाच्या हॉलच्या भाड्याएवढी रक्कम सांगितली होती. ज्यांनी दोष सांगितला त्यांनीच ती सांगितली. दोष सांगणारा आणि उपायाचे पैसे घेणारा एकच असेल तर दुसऱ्याचं मत घ्यावं.

नवी_कोरी
अपडेट: आत्याने पत्रिका काढली. मंगळ तिसऱ्या स्थानात आहे! दोन वर्षं उगीच ऐकून घेतलं. शेषरावकाका, तुम्हाला पेढे.

शेषराव_नांदेड
पोचले. 😊

मृद्गंध
काका, प्रसूतिगृह अजून चालू आहे. जुन्या नोंदवह्या गच्चीवरच्या खोलीत ठेवल्या होत्या. तिथल्या मावशींनी दोन तास शोधून पान काढून दिलं. बहिणीची नोंद 1:35 अशी आहे. म्हणजे मकर लग्न, मंगळ सहावा. मी आनंदाने आईला फोन करणार होते, पण त्या पानावरच्या इतर वेळा पाहिल्या. 11:20, 3:45, 6:10. सगळ्याच पाचाच्या पटीत.

शेषराव_नांदेड
तुम्ही ते पाहिलंत हे फार बरं केलंत. नर्सने घड्याळ पाहून जवळचा आकडा लिहिलेला. खरी वेळ 1:33 असू शकते, 1:37 ही असू शकते. मकरेत लग्न जातं 1:33 ते 1:34 च्या सुमारास. म्हणजे मकरेची शक्यता जास्त, पण शपथेवर सांगता येणार नाही.
आणि मला एक कबूलही करायचंय. पहिल्या दिवशी मी फक्त लग्नकुंडलीचा विचार करून 'सहावा झाला की दोष नाही' असं लिहिलं. काल रात्री दोन्ही वेळांची भावचलित, म्हणजे लग्नाचा अंश पहिल्या भावाच्या मधोमध धरून भाव मोजलेली कुंडली, मांडून पाहिली. लग्न मकरेच्या पहिल्याच अंशात असलं, तर चलितात सातवा भाव मिथुनेच्या साधारण 15 अंशांपासून कर्केच्या 15 अंशांपर्यंत पसरतो. मंगळ मिथुनेच्या 25 अंशांवर. म्हणजे राशीने सहावा दिसला तरी भावाने तो सातवाच राहतो. धनु लग्न धरलं तरीही सातवाच. जे गुरुजी चलित पाहतात त्यांच्यासाठी तुमच्या पाच मिनिटांनी काहीच बदललं नाही. माझे वडील मंगळ लग्नकुंडलीतूनच पाहत, चलित फलितासाठी ठेवत. त्यांचे गुरुबंधू उलट करत. यावर दोघांचं कधी एकमत झालं नाही.
म्हणून वेळेच्या मुद्द्यावर जोर देऊ नका. तो दोन्ही बाजूंनी ओढता येतो. मुलाच्या आठव्या शनीचा मुद्दा मात्र बहिणीचं लग्न धनु असो की मकर, चलित असो की राशी, तसाच उभा राहतो. त्यांच्या गुरुजींना तेवढाच एक प्रश्न विचारा, तोही अजिजीने. 'मुलाचा शनी अष्टमात आहे, तो मंगळाला तोलतो असं तुम्ही धरता का?' हो म्हणाले तर प्रश्न मिटला. नाही म्हणाले तर त्यांची परंपरा वेगळी आहे. मग निर्णय पत्रिकेचा राहत नाही, त्या दोन घरांचा होतो.

गणितवेडा
काका, स्वतःचं आधीचं म्हणणं असं उघड तपासून बदलणारे तुमच्या क्षेत्रात जास्त असते तर माझे निम्मे वाद मिटले असते. मनापासून म्हणतोय.

ऑकलंडची_अनघा
मृद्गंध, या सगळ्यात मुलाचं काय म्हणणं आहे? अजून कुणी विचारलंच नाही.

मृद्गंध
बरोबर विचारलंत अनघाताई. मुलगा बहिणीला म्हणाला, "मला फरक पडत नाही, पण आजीला दुखवायचं नाही." माईंचा प्रतिसाद डोक्यात असल्याने बहिणीने त्याला सरळ विचारलं, पुढे तुझ्या घरात कुणी आजारी पडलं आणि आजीने माझं नाव घेतलं तर तू काय करशील? तो लगेच काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आईलाच फोनवर घेतलं आणि तिच्यासमोर सांगितलं, "तसं झालं तर आधी मी बोलेन, ही नाही." त्याची आई म्हणाली, आजींना थोडा वेळ द्या.
शनीचा प्रश्न त्यांच्या गुरुजींना विचारला. ते म्हणाले, शनीने दोष कमी होतो, पूर्ण जात नाही. आजी त्या 'पूर्ण जात नाही' वर अडून बसल्या आहेत. रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जातोय. माई, तुमची गोष्ट नाव न घेता आजींना सांगितली तर चालेल का?

कोकणची_माई
सांग गं. ट्रकचालकाचंही सांग.

पाटलीण_बाई
रविवारी काय झालं ते इथे नक्की लिही. आणि बहिणीच्या बायोडेटावर आता कुठली वेळ ठेवणार आहेस?

मृद्गंध
काल तिने स्वतःच दुरुस्त केला. 'जन्मवेळ : रात्री 1:30 (आईच्या आठवणीप्रमाणे), 1:35 (प्रसूतिगृहाच्या नोंदवहीत)' असं लिहिलंय. नोंदवहीच्या पानाचा फोटोही जोडलाय.